हातात तीन ऑफर आहेत, निवडायची कोणती? पगार बाजूला ठेवून नाही, पण पगारावरच न अडकता तुलना कशी करायची

माझ्याकडे ऑफर्स घेऊन सल्ला विचारायला येणारे जवळजवळ सगळे एकच चूक करून आलेले असतात. एक्सेल शीट उघडलेली असते, पहिल्या ओळीला पॅकेज, मग त्याखाली "लर्निंग – चांगलं", "मॅनेजर – छान वाटला", "ग्रोथ – स्कोप आहे" असं काहीतरी. आता सांगा, एका ओळीत पक्का आकडा आणि बाकी तीन ओळींत "छान वाटला" असेल तर जिंकणार कोण? आकडाच. म्हणजे त्या माणसाने शिकणं, बॉस, ग्रोथ याचा विचार केलाच नाही असं नाही, केला, पण त्यासाठी माहितीच गोळा केली नाही. हा लेख त्यासाठी आहे. ती माहिती काढायची कशी, कोणत्या क्रमाने, कोणाला काय विचारून, आणि मग शीट भरायची कशी.

हे मुख्यतः २ ते ८ वर्षं अनुभव असलेल्यांसाठी लिहितेय, कारण याच काळात पुढची नोकरी बरीचशी आत्ताच्या कामावरून ठरते. उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीची केस घेते, ती डेटा ॲनालिस्ट आहे, ४ वर्षं अनुभव, एकाच वेळी तीन ऑफर्स. कंपन्यांना क, ख, ग म्हणूया. तिचा आधीचा पगार १०० धरला तर क ने १४५ सांगितले, ख ने १२०, ग ने ११२ आणि वर थोडे स्टॉक ऑप्शन्स. तिचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "ताई, क घेतेय, बाकीच्यांना नाही कळवू ना?" मी म्हटलं, दोन दिवस थांब.

## टप्पा १: आधी वेळ मागून घ्या

बाकी काहीही करायच्या आधी हे. ऑफर लेटरवर बऱ्याचदा ३ दिवसांची मुदत असते आणि लोक ती दगडावरची रेघ समजतात. बहुतेक वेळा नसते. एवढंच लिहा:

"ऑफरबद्दल मनापासून धन्यवाद. निर्णय नीट विचार करून घ्यायचा आहे, त्यासाठी मला अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का? त्याआधी मॅनेजरांशी एकदा अर्धा तास बोलायचं आहे, कधी जमेल ते कळवाल का?"

दोन गोष्टी एका मेलमध्ये झाल्या, मुदतही मागितली आणि बॉसशी बोलणंही. तारीख ठरावीक द्या, "थोडा वेळ" लिहिलंत की एचआर दुसऱ्या दिवशी फोन करतो. साधारण ७ ते १० दिवस मागितले तर कोणाला वावगं वाटत नाही.

इशारा: वेळ मिळावा म्हणून खोट्या ऑफरचं नाव घेऊ नका, आणि एक स्वीकारून "बघू, नंतर नाही म्हणू" हेही करू नका. एकाच फील्डमधले एचआर आणि मॅनेजर एकमेकांना ओळखतात, ते तुमच्या समजुतीपेक्षा जास्त.

## टप्पा २: पगार एकाच मापात आणा, मग त्याची फाइल बंद करा

पगार महत्त्वाचा नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. घरचे हप्ते, आईवडिलांचं आजारपण, शिक्षणाचं कर्ज, हे सगळं खरं असतं. म्हणून सगळ्यात आधी एक आकडा कागदावर लिहा, याच्याखाली मला परवडणारच नाही असा. तो आकडा जी ऑफर पार करत नाही ती तुलनेत येतच नाही, तिथे बॉस कितीही देवमाणूस असो. बहिणीचा आकडा होता १०८. तिन्ही ऑफर्स त्याच्या वर होत्या, म्हणजे तिघी शर्यतीत.

मग मोठ्या आकड्याची सालं काढायची. क चे १४५ कसे होते बघा. नक्की मिळणारे ११०, परफॉर्मन्सवर अवलंबून २०, आणि जॉइनिंग बोनस १५, तोही एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा. तिने रिक्रूटरला विचारलं, की मागच्या वर्षी या टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं? उत्तर आलं, साधारण निम्मं. म्हणजे पहिल्या वर्षी ११० अधिक १० अधिक १५, झाले १३५. दुसऱ्या वर्षी बोनस नाही, उरले १२०. आणि ख ची ऑफर सरळ १२०, सगळं फिक्स्ड. पगारवाढ दोन्हीकडे सारखीच धरली तर दोन वर्षांत क चे २५५, ख चे २४०. १४५ विरुद्ध १२० बघताना जी दरी वाटत होती ती दोन वर्षांच्या हिशोबात १५ वर आली, म्हणजे तेवढा एक जॉइनिंग बोनस!

ग चे ११२ म्हणजे दोन वर्षांत २२४. स्टॉक ऑप्शन्सचं काय? कंपनी अजून शेअर बाजारात नसेल तर या तुलनेत मी ते शून्य धरते. मिळाले तर आनंदच, पण त्यावर घर चालवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी ऑप्शन्स ४ वर्षांत थोडे थोडे हातात येतात आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही, हे वेस्टिंगचं वेळापत्रक लेखी मागून वाचा.

तपासणी: प्रत्येक ऑफरसमोर तीन आकडे आहेत का? पहिल्या वर्षी खरे मिळणारे, दुसऱ्या वर्षी खरे मिळणारे, आणि दोन्हींची बेरीज. असतील तर ही फाइल बंद करा आणि टप्पा ७ पर्यंत उघडू नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आकडा डोळ्यासमोर राहिला की पुढच्या प्रत्येक उत्तरात आपण त्याच्या बाजूचं ऐकायला लागतो.

## टप्पा ३: शिकायला काय मिळेल हे आठवड्याच्या पातळीवर शोधा

"इथे खूप शिकायला मिळेल" हे वाक्य प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये ऐकू येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. जॉब डिस्क्रिप्शनवरूनही कळत नाही, ते अनेकदा जुनंच कॉपी केलेलं असतं. विचारायचं असं:

"मी जॉइन झाल्यावर पहिल्या ३ महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय पूर्ण झालेलं हवंय?"

"आत्ता या टीममधल्या माझ्या लेव्हलच्या माणसाने मागच्या आठवड्यात काय काय केलं?"

"माझं काम कोण तपासणार, आणि ते तपासून झाल्यावर बोलणार कधी?"

दुसरा प्रश्न सोडू नका. भविष्याबद्दल कोणीही काहीही छान बोलू शकतं, मागच्या आठवड्याबद्दल बनवून सांगणं अवघड जातं.

उत्तरं मिळाली की त्यातली मुख्य चार-पाच कामं कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करा. "हे मला येतं", "हे येत नाही पण शिकवणारं कोणीतरी आहे", "हे येत नाही आणि शिकवणारंही कोणी नाही". माझा ठोकताळा असा की पाचपैकी दोन-तीन कामं मधल्या प्रकारातली असली तर उत्तम. सगळीच पहिल्या प्रकारातली असली तर दोन वर्षांनी तुम्ही आज आहात तिथेच असाल, फक्त वय वाढलेलं. आणि सगळी तिसऱ्या प्रकारातली असली तर धडपड भरपूर होते, पण आपण करतोय ते बरोबर की चूक हेच कळत नाही, आणि चुकीच्या सवयी पक्क्या होतात. या तिसऱ्या प्रकाराला लोक "चॅलेंजिंग" म्हणून डोक्यावर घेतात, तिथे सांभाळा.

बहिणीच्या केसमध्ये चित्र स्वच्छ निघालं. क मध्ये पाचपैकी चार कामं म्हणजे तयार डॅशबोर्ड दर महिन्याला अपडेट करणं आणि वरच्यांना रिपोर्ट पाठवणं, जे ती आधीच्या नोकरीत डोळे मिटून करत होती. ख मध्ये किमती ठरवणाऱ्या टीमबरोबर बसून छोटे प्रयोग आखायचे, त्यांचा निकाल वाचायचा, तिच्यावर दोन सीनियर, आणि प्रत्येकाचा कोड दुसरा कोणीतरी बघणार असा नियम. ग मध्ये ती कंपनीतली पहिली आणि एकटीच ॲनालिस्ट. काम सगळं नवीन, विचारायला कोणी नाही.

इशारा: ट्रेनिंगचं बजेट, फुकट कोर्सेस, सर्टिफिकेशन हे शिकण्यात मोजू नका. ते घरी बसूनही करता येतं. तुमच्या कामावर तुमच्यापेक्षा चांगल्या माणसाची नजर पडते का, हे मोजा.

## टप्पा ४: बॉस, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

मी स्वतः एकदा इथेच चुकलेय. ३५ टक्के जास्त पगार होता, बॉस इंटरव्ह्यूमध्ये गोड बोलला, मी एकही प्रश्न न विचारता सही केली. दुसऱ्या महिन्यात कळलं की माझ्या आधीच्या दीड वर्षात त्याच खुर्चीवर तीन जण बसून गेले होते. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये मीटिंगच्या दहा मिनिटं आधी बदल करायचा आणि मग सगळ्यांसमोर "हे असं का केलंय?" विचारायचा, हे त्याचं नेहमीचं. अकरा महिने काढले. वाढलेला पगार नक्की किती होता हे आज आठवावं लागतं, रविवारी संध्याकाळी पोटात यायचा तो गोळा आठवावा लागत नाही. आणि हे सगळं आधी कळण्यासारखं होतं! एक फोन केला असता तरी कळलं असतं.

### ४अ. बॉसशी ऑफर आल्यानंतर बोला

इंटरव्ह्यूमध्ये तो तुम्हाला पारखत असतो, तेव्हा तुम्ही जास्त विचारू शकत नाही. ऑफर आली आणि तुम्ही अजून हो म्हणालेला नाहीत, या मधल्या काही दिवसांत मात्र समोरचा तुमचे प्रश्न मनापासून घेतो. म्हणून टप्पा १ च्या मेलमध्येच हा अर्धा तास मागितला. तीन-चार प्रश्न पुरतात:

"मागच्या सहा महिन्यांत टीममधल्या कोणाचं ऐकून तुम्ही तुमचा निर्णय बदलला असं काही झालं का?"

"टीममधून शेवटचं कोण बाहेर पडलं, आणि का?"

"तुमच्या टीममधलं मागचं प्रमोशन कोणाचं झालं? त्यासाठी तुम्हाला काय करावं लागलं?"

"माझ्याकडून मोठी चूक झाली, डेडलाइन गेली, तर पुढे काय होतं? असं मागे झालं असेल तर तेच सांगा."

उत्तर चांगलं की वाईट हे लगेच ठरवू नका, आधी बघा की त्यात प्रसंग आहे का. चांगला बॉस दोन सेकंद थांबतो आणि मग खरी गोष्ट सांगतो, कोण होतं, काय झालं, पुढे काय केलं. ज्याच्याकडे प्रसंग नसतो तो तत्त्वं सांगतो, "आमच्याकडे ओपन कल्चर आहे", "मी मायक्रोमॅनेज करत नाही". दुसरं, सोडून गेलेल्या माणसाबद्दल तो कसं बोलतो ते नीट ऐका, कारण उद्या तुमच्याबद्दलही तो तसाच बोलणार आहे. ग च्या फाउंडरने बहिणीला सांगितलं, की "आधी दोन जण होते, पण त्यांच्यात आगच नव्हती." दोघांत? दोघांतही आग नव्हती? ख च्या मॅनेजरने सांगितलं की शेवटचा मुलगा दुसऱ्या टीममध्ये गेला, त्याला मशीन लर्निंग करायचं होतं आणि आमच्याकडे ते काम नव्हतं, मीच त्याची तिकडे ओळख करून दिली. एवढ्या एका वाक्यात बरंच कळतं.

### ४ब. सोडून गेलेल्या माणसाला शोधा

हे करायला लोक लाजतात आणि इथेच खरी माहिती असते. लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि टीम किंवा पद टाकून शोधा, त्या मॅनेजरच्या काळात तिथे असलेले आणि आता नसलेले दोन जण मिळाले तरी बास. मेसेज छोटा ठेवा:

"नमस्कार, मला अमुक टीममध्ये ऑफर आहे. तुम्ही तिथे होतात असं दिसलं म्हणून विचारते. १० मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुम्ही सांगाल ते माझ्यापुरतंच राहील."

पाच जणांना पाठवला तर एक-दोन बोलतात. फोनवर "बॉस कसा होता" असं विचारू नका, त्यावर "चांगला होता" हेच उत्तर येतं. विचारा: "परत त्यांच्याच हाताखाली काम करायची वेळ आली तर कराल का?" आणि मग गप्प बसा. ज्याला करायचं असतं तो पटकन "हो, कधीही" म्हणतो. ज्याला नाही करायचं तो "डिपेंड्स", "कामावर आहे" असं म्हणतो, मग "म्हणजे कशावर?" असं हळूच विचारा.

इशारा: नोकरी सोडलेला माणूस कडवटही असू शकतो, त्यामुळे एकाच्या बोलण्यावरून फुली मारू नका. दोघांनी एकमेकांशी संबंध नसताना तीच गोष्ट सांगितली तर मात्र ती खरी धरा. आणि आत्ताच्या ऑफिसपर्यंत बातमी जाईल अशा ओळखीच्या माणसाला हे विचारू नका.

### ४क. बॉसच जाणार नाही ना?

चांगला बॉस बघून जॉइन व्हायचं आणि तीन महिन्यांत तोच दुसरीकडे जायचा, असंही होतं. खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण तो या पदावर किती दिवस आहे आणि त्याच्या वर कोण आहे एवढं विचारा, आणि शक्य असेल तर त्या वरच्या माणसाशी पंधरा मिनिटं बोला. दोघंही पटले तर एक गेला तरी तुम्ही एकदम उघड्यावर पडत नाही.

तपासणी: प्रत्येक ऑफरच्या बॉसबद्दल तुमच्याकडे किमान दोन घडलेले प्रसंग लिहिलेले आहेत का, आणि त्यातला निदान एक बॉस सोडून दुसऱ्या कोणाकडून कळलेला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, अजून एक फोन करा.

## टप्पा ५: ग्रोथ म्हणजे वर गेलेली माणसं मोजा

इथे जास्त फापटपसारा नको. कंपनी वाढतेय म्हणून तुम्ही वाढाल असं नसतं. लिंक्डइनवरच बघा, तुमच्या याच पदावर २ ते ३ वर्षांपूर्वी जे होते ते आज कुठे आहेत. आत वर गेले? चांगल्या ठिकाणी बाहेर गेले? की तिथेच आहेत? चार-पाच माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे खरंय, पण एचआरच्या "फास्ट ट्रॅक"पेक्षा ही चार माणसं जास्त खरं सांगतात. कंपनी नवीन असेल आणि अशी माणसंच नसतील तर टीम वर्षापूर्वी किती जणांची होती आणि आज किती जणांची आहे ते विचारा.

मग एक छोटा अभ्यास करा. दोन वर्षांनंतरच्या तुमच्या रेझ्युमेमधली या नोकरीची ओळ आजच लिहा, प्रत्येक ऑफरसाठी एक. बहिणीने लिहिलेल्या ओळी अशा होत्या. क: "मासिक सेल्स रिपोर्टिंग सांभाळलं." ख: "किमतींवरचे प्रयोग आखले, त्यातून कोणती किंमत ठेवायची ते ठरलं." ग: "कंपनीचं डेटाचं काम शून्यातून उभं केलं." क ची ओळ तिच्या आत्ताच्या रेझ्युमेत आधीपासून होती, जवळजवळ शब्दशः. हे बघून ती स्वतःच गप्प झाली, मला काही बोलावं लागलं नाही.

इशारा: मोठं पदनाम म्हणजे ग्रोथ नाही. छोट्या कंपनीतलं "हेड" दुसरीकडे गेल्यावर दोन पायऱ्या खाली मोजलं जातं. हाताखाली किती माणसं, कोणता निर्णय तुमचा, हे विचारा.

## टप्पा ६: आता शीट भरा, आणि आडवी भरा

रकाने तीन, क, ख, ग. ओळीही तीनच: शिकणं, बॉस, ग्रोथ. बारा ओळींची शीट करू नका. ऑफिसची कॅन्टीन आणि बॉस एकाच शीटमध्ये आले की कॅन्टीनलाही वजन मिळतं.

१. आधी वजन ठरवा, गुण देण्याच्या आधी. एकूण १००. बहिणीने शिकण्याला ४०, बॉसला ३५, ग्रोथला २५ दिले. १२ वर्षं अनुभववाला कदाचित ग्रोथला जास्त देईल, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण गुण भरून झाल्यावर वजनं हलवायची नाहीत, नाहीतर जी ऑफर मनात आहे तिच्या बाजूला ती आपोआप सरकतात.

२. एक ओळ तिन्ही ऑफर्ससाठी भरा, मग दुसरी ओळ. क पूर्ण भरून मग ख कडे गेलात तर क मधली एक झळाळती गोष्ट बाकीच्या गुणांवरही प्रकाश टाकते. याला हेलो इफेक्ट म्हणतात, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये हे लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या गुणांवरून दाखवलं होतं. आपणही काही वेगळे नाही.

३. गुण १ ते ५, आणि प्रत्येक गुणाशेजारी एक वाक्य, तो कशावरून दिला. वाक्य सुचत नसेल तर गुण द्यायचा नाही, प्रश्नचिन्ह लिहायचं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, माहीत नाही म्हणून मधला ३ टाकून मोकळं व्हायचं. ३ म्हणजे "ठीकठाक आहे हे मला माहीत आहे". माहीत नाही ते वेगळं, त्यासाठी परत फोन करायचा.

४. बॉसला २ पेक्षा कमी पडले तर ती ऑफर बाद, बेरीज काहीही येवो. बाकी दोन गोष्टी वाईट बॉसला भरून काढत नाहीत, कारण काम कोणतं मिळणार आणि प्रमोशनसाठी नाव कोणाचं जाणार हे त्याच्याच हातात असतं.

बहिणीची शीट अशी झाली. शिकणं: क २, ख ४, ग ३. बॉस: क ३, ख ४, ग २. ग्रोथ: क ३, ख ३, ग ४. गुण गुणिले वजन, बेरीज, भागिले १००. क ला २.६, ख ला ३.७५, ग ला २.९.

मग उलटं करून बघायचं. वजनं बदलायची नाहीत असं वर म्हटलं ते निकाल आपल्याला हवा तसा वळवला जाऊ नये म्हणून, पण निकाल किती पक्का आहे हे बघायला एकदा जरूर बदला. शिकणं आणि ग्रोथ यांची वजनं अदलाबदल केली, म्हणजे शिकणं २५ आणि ग्रोथ ४०, तर क २.७५, ख ३.६, ग ३.०५. ख तरीही पुढे. म्हणजे निर्णय एखाद्या वजनावर तोललेला नाही. दोन ऑफर्समध्ये अर्ध्या गुणापेक्षा कमी फरक आला तर मी ती बरोबरी समजते, तिथे दशांश चिन्हाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ज्या गुणाबद्दल सगळ्यात कमी खात्री आहे तिथे अजून एक प्रश्न विचारून या.

आणि मनाचा कौल? तो घ्यायचा, पण आत्ता, शेवटी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी १९५० च्या दशकात इस्राएली सैन्याच्या भरतीच्या मुलाखती बदलल्या तेव्हा हेच केलं होतं, आधी एकेका स्वभावगुणाला वेगवेगळे मार्क द्यायचे आणि ते झाल्यावरच डोळे मिटून एकूण अंदाज सांगायचा. असा शेवटी घेतलेला अंदाज चांगलाच उपयोगी ठरला. तुमचं मन शीटच्या विरुद्ध जात असेल तर शीट फाडू नका, कोणत्या चौकटीशी मन भांडतंय ते शोधा. बहुतेक वेळा कोणाच्या तरी बोलण्यातलं काहीतरी खटकलेलं असतं आणि ते लिहायचं राहिलेलं असतं.

## टप्पा ७: आता पगाराची फाइल उघडा

प्रश्न एवढाच: शीटमध्ये पुढे असलेल्या ऑफरसाठी दोन वर्षांत किती पैसे सोडतोय, आणि ते सोडणं मला झेपतं का? ख साठी ती १५ सोडत होती, तिच्या जुन्या पगाराचे दोन महिनेसुद्धा नाहीत. झेपत होतं. पण हाच फरक ६० किंवा ७० असता आणि घरी कर्ज असतं, तर मी तिला क घे असंच म्हटलं असतं, पण एक-दीड वर्षात बाहेर पडायची तारीख मनाशी ठरवून. असा निर्णय चुकीचा नसतो, तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असला म्हणजे झालं.

निवड झाली की त्याच कंपनीशी बोला, बाकीच्यांशी घासाघीस करत बसू नका. पैसे थोडे वाढवून मागाच, पण बजेट नाही म्हणाले तर दुसरं मागा. बहिणीने ख कडे १२६ मागितले, ते १२२ वर थांबले. मग तिने पगाराचा रिव्ह्यू वर्षाऐवजी सहा महिन्यांनी मागितला, आणि पहिला प्रोजेक्ट कोणता ते ठरवून मागितलं. दोन्ही मिळालं. तोंडी झालेलं सगळं मेलवर आणा, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून तुम्हीच पाठवा आणि त्यांचं "हो" येऊ द्या.

## टप्पा ८: हो आणि नाही कळवायचा क्रम

१. बदललेलं, सही असलेलं ऑफर लेटर हातात घ्या. त्यात "बॅकग्राउंड चेकच्या अधीन" असं काही असेल तर तो चेक पूर्ण झाला का विचारा.

२. मग स्वीकारल्याचं लेखी कळवा.

३. मग जुन्या ठिकाणी राजीनामा. याच्या आधी नाही, एचआर "लेटर उद्या येतंय, तुम्ही टाकून द्या" म्हणाले तरी नाही.

४. त्याच दिवशी उरलेल्या कंपन्यांना नाही कळवा. दोन ओळी पुरतात. ज्यांनी तुमच्यासाठी वेळ काढला त्या मॅनेजरला शक्य असेल तर फोन करा.

राजीनाम्यावर जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला तर त्यालाही हीच शीट लावा, फक्त एक सोय आहे, तिथले गुण तुम्हाला विचारावे लागत नाहीत, सगळं माहीतच आहे.

## टप्पा ९: शीट फेकू नका, ९० दिवसांनी उघडा

कॅलेंडरवर आत्ताच तारीख टाका. ९० दिवसांनी तेच तीन गुण परत द्या, जुने न बघता, आणि मग शेजारी ठेवा. जिथे दोन गुणांचा फरक असेल तिथे तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलं होतं किंवा चुकीचा प्रश्न विचारला होता, तो शोधून पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा. बहिणीचं शिकणं ४ चं ४ राहिलं, बॉस ४ चा ५ झाला, आणि ग्रोथ ३ वरून २ वर आली, कारण वरच्या दोन्ही सीनियरच्या जागा लवकर रिकाम्या होणार नाहीत हे आत गेल्यावर कळलं. तिने ते सहा महिन्यांच्या रिव्ह्यूमध्ये मॅनेजरसमोर ठेवलं. शेजारच्या टीमचं एक काम आता तिच्याकडे आलंय आणि तिच्या शीटवर एक नवीन प्रश्न आहे: "माझ्या वरच्या पदावर आत्ता कोण आहे, आणि त्याचा पुढचा बेत काय?"